सोसायटीच्या उत्सवाचं आभारप्रदर्शन: यादी कशी करावी, बोलावं कसं

आभारप्रदर्शनाची वेळ येते तेव्हा लोक खुर्च्या सरकवू लागलेले असतात, मुलं पेंगुळलेली असतात. शिवाय ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, खास परवानगी नसेल तर रात्री 10 वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. म्हणून तीन मिनिटांचंच भाषण बसवा. खरी मेहनत त्याआधीच्या यादीवर घ्यायची आहे.

यादी पदांवरून करू नका. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार असं सुरू केलं की निम्मी वेळ समितीतच जाते आणि ज्यांनी हातानं काम केलं ते राहून जातात. त्याऐवजी उत्सव पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे आणा. वर्गणी कोणी गोळा केली? मांडवासाठी गाड्या कोणी हलवल्या? मुलांच्या नाचाची तालीम कोणाच्या घरी झाली? वीज गेली तेव्हा कोण धावलं? प्रत्येक प्रश्नापुढे नाव लिहा. मग ती यादी सेक्रेटरी, मुलांची तालीम घेणारी ताई आणि वॉचमन अशा तिघांना वेगवेगळी दाखवा. रात्री उशिरा कोण खपत होतं, हे बहुतेक वेळा वॉचमनलाच माहीत असतं.

वॉचमन आणि सफाई करणाऱ्या मावशींचं पूर्ण नाव त्यांनाच विचारून घ्या. ‘आपले वॉचमन’ एवढ्यावर भागवू नका.

देणगीदारांच्या बाबतीत मात्र एकच नियम पाळा: नावं घ्यायची तर सगळ्यांची, नाहीतर कोणाचंच नाही. यादी लांब असेल तर ती फलकावर लावा आणि मंचावरून ‘वर्गणी देणाऱ्या सर्व घरांचे आभार’ एवढंच म्हणा. दोनच मोठ्या देणग्यांचा उल्लेख झाला की बाकीच्यांना आपली वर्गणी किरकोळ ठरल्यासारखी वाटते.

बोलताना नावाला काम जोडा. ‘अमुक काकांनी मोलाचं सहकार्य केलं’ यातून काहीच कळत नाही. तेच असं सांगून पाहा: ‘परवा रात्री पावसानं मांडवात पाणी साचलं. बी विंगच्या काकांनी दोन मुलांना हाताशी घेऊन ते उपसलं, म्हणून काल सकाळी आपण इथे कोरड्यात बसू शकलो. काका, मनापासून आभार.’ अशी तीन-चार वाक्यं पुरेत. बाकीच्यांना गटानं उभं राहायला सांगा आणि टाळ्या शेवटी एकदाच घ्या, म्हणजे वेळही वाचतो.

पाहुण्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना निघायचं असतं. पुढे मदत करणारे रहिवासी, मग कर्मचारी आणि शेवटी प्रेक्षक. ‘कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व’ हे यादी तपासल्यानंतरच म्हणावं. यादी तपासण्याऐवजी म्हटलं तर ज्याचं नाव राहिलं त्याला ते जास्तच लागतं.

कागद हातात ठेवा, नावं पाठ म्हणू नका. कोणी ऐन वेळी चिठ्ठी आणून दिली तर ते नाव आधी नीट वाचून घ्या आणि मगच उच्चारा. पसायदान किंवा राष्ट्रगीत व्हायचं असेल तर आभार त्याआधी संपवा आणि माइक सूत्रसंचालकाकडे द्या. जेवणाची सूचना त्यांनाच करू द्या. ती तुमच्या तोंडून आली की पुढचं कोणी ऐकत नाही.