पावसाळ्याआधी गाडी तपासताना या चुका टाळा

टायरची बाहेरची नक्षी ठीक दिसली की बरेच जण पुढे सरकतात. माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक हीच, कारण टायर अनेकदा आतल्या कडेने झिजतो आणि चाकं सरळ असताना ते दिसतच नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची सगळी रुंदी नजरेत येते. मागच्या टायरचा आतल्या बाजूने मोबाइलवर फोटो काढा. तिथे हात फिरवू नका, घासलेल्या टायरमधून तारा बाहेर आलेल्या असू शकतात.

समजा, नक्षीची खोली बाहेर 4 मिमी, मध्ये 4 आणि आत 1.5 मिमी भरली. सरासरी बरी वाटते, पण हा टायर संपलेला आहे. खाचांमधले छोटे उंचवटे 1.6 मिमीची मर्यादा दाखवतात आणि आतल्या बाजूला रबर त्याही खाली गेलंय. अशी एकतर्फी झीज बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडल्याने होते. अलाइनमेंट करून न घेता नवा टायर टाकला तर तोही तसाच जाईल. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. पाणी बाहेर फेकण्याची ताकद 1.6 मिमीच्या बरीच आधी घटते, म्हणून मी 3 मिमीलाच टायर बदलायला सांगेन.

दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे लावायची सवय आहे. ते मागे लावा. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरणं फार अवघड जातं. हवा मात्र टायर थंड असतानाच तपासा, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. लांबून आल्यावर प्रेशर जास्त दिसतं, म्हणून हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी पडते.

वायपर कोरड्या काचेवर चालवून पाहू नका, त्याने रबर खराब होतं आणि कळत काहीच नाही. आधी काच धुऊन तेलकट थर काढा, मग पाणी मारा. बारीक रेघ राहिली तर रबराला मळ किंवा चीर आहे. थडथड होत असेल तर रबर कडक झालंय किंवा दांडा वाकलाय. एक पट्टाच पुसला जात नसेल तर तिथे ब्लेड काचेला नीट टेकत नाही.

ब्रेकलाइट एकट्याने बघायचे तर अंधारात भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि उजेड आरशात पाहा. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. हेडलाइटच्या आतलं धुकं दिवा लावल्यावर विरलं तर चिंता नाही, पण आत थेंब साचत असतील तर सील गेलंय.

डॅशबोर्डवर फक्त पेटलेले दिवे पाहून थांबू नका. इग्निशन चालू करताच एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा क्षणभर पेटून विझायला हवा. तो पेटलाच नाही, तर एबीएस बिघडलं तरी तुम्हाला इशारा मिळणार नाही. तो आधी दुरुस्त करून घ्या.