उन्हाळ्यात गाय भरवताना वेळ धरा माजाच्या सुरुवातीपासून

मार्च संपला की इंदापूर, बारामती, दौंड, शिरूर या पट्ट्यातल्या गोठ्यांतून एकच तक्रार येऊ लागते: गाय उलटली. दोनदा भरवली, तिसऱ्यांदा भरवली, पुन्हा माजावर आली. दोष बहुतेक वेळा रेतमात्रेला दिला जातो, नाहीतर गाईला. कधी तो तिथे असतोही. पण आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गाय भरवली ती माज सुरू झाल्यापासून किती तासांनी? या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही, आणि उन्हाळ्यात गाय उलटण्याचं सर्वांत मोठं कारण तिथेच असतं.

गाईच्या पोटात काय घडतं ते थोडक्यात पाहू. माज सुरू झाल्यावर साधारण 28 तासांनी, म्हणजे माज ओसरल्यानंतर दहा-बारा तासांनी, स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जेमतेम आठ-दहा तास टिकतं. गोठवलेल्या रेतातले शुक्राणू गाईच्या पोटात 18 ते 24 तास जगतात, पण भरवल्या भरवल्या ते फलनाला तयार नसतात, त्यांना सहा तास तरी लागतात. म्हणून बीज बाहेर येईल तेव्हा शुक्राणू आत पोहोचलेले, तयार आणि जिवंत असले पाहिजेत. हे जमतं ते माज सुरू झाल्यापासून 12 ते 18 तासांच्या दरम्यान भरवल्यावर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना नियम याच हिशेबातून आला आहे आणि तो आजही बरोबर आहे. मात्र तो 'माज दिसला' या वेळेवर चालत नाही, 'माज सुरू झाला' या वेळेवर चालतो. उन्हाळ्यात या दोन वेळांमध्ये बरंच अंतर पडतं.

एक उदाहरण घेऊ. दौंडकडची एक होल्स्टीन संकरित गाय, दुसरं वेत, व्यायल्याला अडीच महिने झालेले. 11 एप्रिलला रात्री दहा वाजता घरच्यांनी गोठ्यात चक्कर मारली तेव्हा ती शांत रवंथ करत होती. 12 तारखेला पहाटे पाच वाजता धारेच्या वेळी निरण सुजलेली, शेपटीला काचेसारखा स्वच्छ सोट लोंबतोय, दूध दोन लिटरने कमी, आणि शेजारची गाय अंगावर चढली तर ही जागची हलत नाही. म्हणजे माज रात्री दहा ते पहाटे पाचच्या मध्ये कधीतरी सुरू झाला. त्याप्रमाणे बीज सुटणार ते 13 तारखेच्या पहाटे दोन ते सकाळी नऊच्या दरम्यान.

आता तीन पर्याय बघा. 12 तारखेलाच सकाळी नऊ वाजता भरवली, तर शुक्राणूंचं आयुष्य 13 तारखेच्या पहाटे तीन ते सकाळी नऊच्या मध्ये संपतं. बीज येईपर्यंत ते मरणाच्या टोकाला आलेले असतात, नाहीतर संपलेले. 12 तारखेला संध्याकाळी पाचला भरवली, तर रात्री अकरापासून ते तयार असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. बीज पहाटे दोनला सुटो की सकाळी नऊला, गाठ पडते. आणि 'उद्या सकाळी बघू' म्हणून 13 तारखेला नऊ वाजता भरवली, तर शुक्राणू तयार होणार दुपारी तीनला, आणि पहाटे सुटलेलं बीज तोवर वाया गेलेलं असतं. गाय तीच, कांडी तीच, भरवणारा माणूस तोच, फरक फक्त वेळेचा.

हा हिशेब जमला तो रात्री दहाच्या चकरेमुळे. ती चक्कर नसती, संध्याकाळी सहाच्या धारेनंतर कोणी गाईकडे पाहिलंच नसतं, तर माज सहाला सुरू झाला की पहाटे हे कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी मी गाईच्या वागण्यावरून ठरवायला सांगतो. पहाटे ती अंगावर चढू देतेय, बेचैन आहे, हंबरतेय, सोट पातळ आणि स्वच्छ आहे, तर माज अजून भरात आहे, दुपार उतरल्यावर भरवा. पण ती शांत होत आलीय, दुसरी गाय चढू लागली की बाजूला सरकतेय आणि सोट घट्ट, गढूळसर झालाय, तर माज रात्रीच गेला समजा. तेव्हा संध्याकाळची वाट पाहू नका, सकाळी लवकरात लवकर भरवून घ्या.

उन्हाळ्यातला माज रात्री शोधा

हिवाळ्यात बारा ते अठरा तास चालणारा माज एप्रिल-मेमध्ये आठ-दहा तासांवर येतो, जास्त दुधाच्या संकरित गाईत त्याहूनही कमी. उन्हात गाय अंगावर चढत नाही, हंबरत नाही, फक्त धापा टाकत उभी असते. माजाची खूण दिसलीच तर गारव्याला, रात्री नऊनंतर ते उजाडेपर्यंत. दावणीला जखडलेल्या गाईत तर चढणं आणि चढू देणं, ही सर्वांत खात्रीची खूण, दिसण्याचा प्रश्नच येत नाही. जिल्ह्यात मुक्त संचार गोठे वाढले आहेत, त्याचा एक मोठा फायदा हाच. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी निदान पहाटे आणि रात्री वीस-पंचवीस मिनिटं गाई मोकळ्या सोडाव्यात आणि त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवून नुसतं बघावं. धार काढता काढता टाकलेली नजर पुरत नाही.

मुका माज पकडायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. शेपटीच्या मुळाशी आणि मांडीला वाळलेला, चकाकणारा पापुद्रा दिसला तर तो रात्री पडलेला सोट असतो. आणि दुसरी म्हणजे वही. प्रत्येक गाईची माजाची तारीख लिहा, त्यापुढे अठरावा ते चोविसावा दिवस खुणा करून ठेवा आणि त्या दिवसांत त्याच गाईवर जास्त लक्ष द्या. शेपटीला रक्ताचा डाग दिसला की अनेकजण घाबरून फोन करतात. तो आजार नव्हे. माज होऊन दोन-तीन दिवस झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून गाय गाभण राहिली की नाही हेही ठरत नाही. त्या दिवशी भरवू नका, तारीख लिहा, साधारण 18-19 दिवसांनी पुढचा माज येईल.

सोटात पांढरे-पिवळे पुवाचे कण किंवा घाण वास असेल तर मात्र वेळ कितीही अचूक असली तरी भरवू नये. गर्भाशयात संसर्ग आहे, आधी पशुवैद्यकाकडून उपचार. व्याताना वार अडकली होती अशा गाईत हे विशेष पाहावं. व्यायल्यानंतर साठ दिवस व्हायच्या आत आलेल्या माजावरही घाई नको, गर्भाशय पूर्ण सावरलेलं नसतं. आणि माज दीड-दोन दिवस रेंगाळत असेल तर बीज सुटायला उशीर होतोय. अशा गाईला नुसत्या कांड्यांमागून कांड्या भरून उपयोग नाही, तपासणी करून घ्या.

कांडीपासून गाईपर्यंत

कृत्रिम रेतन करणारे बहुतेक जण आपलं काम जाणतात, पण उन्हाळ्यात एका दिवसात दहा गावं फिरताना घाई होते. तुम्ही दोन गोष्टींची तयारी करून ठेवा: थर्मासमध्ये 37 अंश सेल्सिअसचं पाणी, आणि गाय उभी करायला सावलीची जागा. कांडी नायट्रोजनच्या भांड्यातून काढल्यावर त्या पाण्यात किमान 30 सेकंद धरायची, मग पुसून कोरडी करायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. खिशात, काखेत किंवा हाताच्या मुठीत कांडी वितळवणं चुकीचं आहे, आणि हे आदबीने सांगायला काही हरकत नाही. वितळलेली कांडी उन्हात राहता कामा नये, पाच-दहा मिनिटांत गाईत गेली पाहिजे. रेत सोडायचं ते ग्रीवेच्या तोंडाशी नव्हे, ग्रीवा ओलांडल्याबरोबर गर्भाशयाच्या सुरुवातीला. कांडीवरचा वळूचा क्रमांक वहीत लिहून घ्या, म्हणजे पुढे होणारी कालवड त्याच वळूने भरवली जाणार नाही.

लिंगवर्गीकृत कांडी वापरायची असेल तर तिच्यात शुक्राणू खूपच कमी असतात आणि ते कमी वेळ टिकतात. म्हणून ती थोडी उशिरा, माज सुरू झाल्यापासून 18 ते 24 तासांच्या दरम्यान वापरतात. उलटणाऱ्या गाईवर, ऐन मे महिन्यात, ही महागडी कांडी वाया घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निरोगी कालवडींसाठी ती राखून ठेवा.

भरवल्यानंतर सोट बाहेर पडला म्हणजे 'बी सांडलं' असं नाही. गाईला तासन्‌तास उभी ठेवण्याचीही गरज नाही. गरज आहे ती थंडाव्याची. फलित झालेला जीव पहिले तीन-चार दिवस फार नाजूक असतो, गाईच्या अंगातली उष्णता वाढली की तो तिथेच संपतो, आणि गाय 21 दिवसांनी निमूट माजावर येते. म्हणून भरवायच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडा तिला जपा. दुपारी तीनच्या सुमारास थर्मामीटर लावा. 103 फॅरनहाइटच्या वर जात असेल तर सावली पुरत नाही. अंग एक-दोन मिनिटं चांगलं भिजवा, मग दहा-पंधरा मिनिटं पंखा, आणि दुपारभर हेच पुन्हा पुन्हा. आपल्याकडे एप्रिलची हवा कोरडी असल्याने याचा गुण लगेच दिसतो. वळवाच्या पावसानंतर दमट हवेत नुसत्या फवाऱ्याने गोठा फक्त कोंदट होतो, तेव्हा पंखा जास्त महत्त्वाचा. जुन्नर, आंबेगावकडे रात्री गार असल्याने गाय सावरते, इंदापूर-दौंडला ती सवड मिळत नाही. पाणी चोवीस तास समोर हवं आणि चारा पहाटे व रात्री. खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास चालूच ठेवा, ते फक्त भरवायच्या आठवड्यात घालून काही होत नाही.

आता त्या दौंडच्या गाईकडे. 12 एप्रिलला संध्याकाळी भरवली, तर 30 एप्रिल ते 6 मे हे दिवस रात्रीच्या चकरेचे. त्यात माज दिसला नाही म्हणून ती गाभण आहे असं धरून चालू नका, उन्हाळ्यात माज मुका असतो हे वर पाहिलंच. 11 जूनच्या सुमारास, साठ दिवस झाल्यावर, पशुवैद्यकाकडून हात घालून तपासणी करून घ्या. सोनोग्राफीची सोय असेल तर महिन्यानेही कळतं. आणि मधल्या काळात तिने थोडीशी माजाची लक्षणं दाखवली, तरी लगेच कांडी भरायला सांगू नका. काही गाभण गाईही माज दाखवतात, आणि अशा वेळी नळी ग्रीवेतून आत गेली की असलेला गर्भ पडू शकतो. आधी तपासा, शंका असेल तर एक माज जाऊ द्या. गाभण निघाली तर वहीत जानेवारीच्या 17 तारखेवर खूण करा, आणि त्याच्या दोन महिने आधी, नोव्हेंबरच्या मध्यावर, तिचं दूध आटवा.