स्टीलच्या डब्याचं परीक्षण: चेहरा गंभीर ठेवून कसं लिहावं

मोबाइल विकत घेण्याआधी आपण चार परीक्षणं वाचतो. स्टीलचा डबा घेताना कोणी काही वाचत नाही, तो घरात असतोच. मग त्याच डब्यावर मोबाइलच्या थाटात परीक्षण लिहिलं, तर लेखक न हसताही वाचणारा हसतो. हा प्रकार इंटरनेटवर जुना आहे. 2006 च्या सुमारास अ‍ॅमेझॉनवर एक गॅलन दुधावर लोकांनी ढीगभर थोर परीक्षणं लिहिली होती. पुढे केळं कापायच्या प्लॅस्टिकच्या एका साधनावर कोणीतरी तक्रार केली की साधनाचा बाक एका बाजूला आहे आणि माझी सगळी केळी दुसऱ्या बाजूला वाकलेली आहेत. या तक्रारीत खोटं काहीच नाही, म्हणून ती चालते. आपल्यालाही तेच साधायचं आहे.

आधी आठवडाभर डबा वापरा आणि टिपणं काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग कल्पनेतून लिहायला लागतात. माझ्याकडे तीन पुडांचा डबा आहे, मूळचा पेडण्याच्या मावशीचा. मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, रिकामा 740 ग्रॅम भरला. बाजूची खिटी लावताना किती वेळा अंगठा चिमटतो ते मोजलं: पाच दिवसांत चारदा. झाकणावर यंत्राने टिंब टिंब मारून कोरलंय, ‘सप्रेम भेट, 12-5-91’. खाली दोन अक्षरं आहेत, ती कोणाची हे मावशीलाही आठवत नाही. एवढी सामग्री पुरे. विनोद करायचा आहे हे टिपणं काढताना डोक्यात आणू नका, नाहीतर हात लगेच अतिशयोक्तीकडे जातो.

मग खऱ्या परीक्षणाचा सांगाडा उचला, पण सगळा नको. रचना, सुरक्षा, कामगिरी, परतीचं धोरण असे चार मथळे भरपूर झाले. दहा घेतले की प्रत्येकाखाली एकेक चुटका येतो आणि लेख लग्नातल्या पंगतीसारखा वाढत बसतो. प्रत्येक मथळ्याखाली डब्याची एक खरी गोष्ट ठेवा आणि ती मोबाइलच्या भाषेत सांगा. माझ्या कोरीव अक्षरांचं असं झालं:

> उपकरणावर पूर्वीच्या मालकाची माहिती कायमस्वरूपी साठवलेली आहे. ती पुसण्याची सोय आढळली नाही. घासणी वापरून पाहिली असता माहिती अधिक ठळक झाली.

भाषा कचेरीतली ठेवा. ‘आढळून आले’, ‘वापरकर्त्यास’, ‘सदर’ ही मंडळी इथे कामाला येतात. सरकारी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला हा लेख अर्धा आयताच जमतो. विशेषणं मात्र काढून टाका. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं हे वाक्य बघा: ‘हा डबा म्हणजे गळतीचा बादशहा, मांडवीला पूर यावा तसं हुमण वाहिलं!’ इथे लेखकच हसतोय, वाचकाला काही काम उरलं नाही. शिवाय मांडवीचा पूर डब्यात नव्हताच. प्रत्यक्षात काय झालं होतं? मधल्या पुडात बांगड्याचं हुमण, खालच्यात उकड्या तांदळाचा भात. डिचोलीहून पणजीला बसने आलो. असल्या डब्याला रबराची रिंग नसते, वरच्या पुडाचा तळ खालच्याच्या काठावर बसतो आणि सगळा भरवसा खिटीच्या दाबावर. बस वळणावर कलली की पातळ पदार्थ वाट काढतोच. तेवढंच लिहिलं:

> पणजीला पोचेपर्यंत मधल्या पुडातील हुमण खालच्या पुडातील भातात स्थलांतरित झाले. दोन्ही पुडांमध्ये अधिकृत मार्ग नाही. उपकरणाने वापरकर्त्याची परवानगी न घेता जेवण कालवले. वेळेची बचत: अंदाजे दोन मिनिटे.

शेवटचं वाक्य मला फार उशिरा सुचलं, आणि खरी मजा तिथेच आहे. परीक्षक तक्रार करतानाही न्यायाने वागतो, गळतीचा फायदाही नोंदवतो. आपल्याला काय गंमत झाली आहे हे त्याला कळतच नाही. तो भोळा, कर्तव्यदक्ष आणि थोडासा दुखावलेला माणूस आहे. तुमच्या लेखाचा नायक तोच आहे, डबा फक्त त्याच्या हातात आहे.

सुरक्षेचा मथळाही असाच खऱ्या गोष्टीवर उभा करा. गरम भात भरून झाकण घट्ट लावलं की आतली वाफ थंड होऊन पाणी होते, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. दुपारी एक वाजता ते उघडत नाही. झाकणावर गरम पाणी सोडलं की सुटतं, पण कचेरीत गरम पाणी आणायचं कुठून? ‘सुरक्षा अत्युत्तम. मालकालाही प्रवेश मिळाला नाही. शेवटी चहावाल्याच्या किटलीच्या मदतीने कुलूप उघडण्यात आले.’ यातलं कारण तुम्हाला माहीत असेल तर वाक्य ठामपणे येतं, नाहीतर ‘कसं कोण जाणे अडकलं’ असं मिळमिळीत होतं.

कामगिरी लवकर आटपा. माझी चाचणी मेच्या शेवटी सुरू झाली आणि 1 जूनला मासेमारीची बंदी लागली, ती 31 जुलैपर्यंत. ‘चाचणीचा दुसरा टप्पा सुक्या सुंगटांच्या किसमुरीवर घ्यावा लागला, गळती शून्य’ एवढी एकच ओळ मी दिली. गोव्यातल्या वाचकाला ती पुरते.

बिघाड कुठे होतो हेही सांगतो. पहिला म्हणजे उद्गारचिन्ह, दिसलं की खोडा. दुसरा म्हणजे खोटी वैशिष्ट्यं: डबा उडाला, बोलला, असं लिहिलं की परीक्षण संपून परीकथा सुरू होते. तिसरा जास्त अवघड आहे. विनोद हळूच स्वयंपाक करणाऱ्या माणसावर सरकतो, भात करपला, भाजी आळणी, वगैरे. मग वाचक डबा विसरून ‘बिचारी बायको’ म्हणतो. मी डबा स्वतःच भरतो, म्हणून वाचलो. लांबी साडेतीनशे-चारशे शब्द. त्यापुढे गंभीर चेहरा टिकत नाही, लेखकाचाही आणि वाचकाचाही.

तपासायची माझी एक रीत आहे. हा काय प्रकार आहे ते न सांगता कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं. दुसऱ्या परिच्छेदाला समोरच्याने ‘मग घेऊ काय रे असला?’ असं विचारलं तर जमलं. पहिल्याच वाक्याला हसला तर कुठेतरी डोळा मारलाय, तो शोधायचा.

तारे शेवटी द्या, आणि अर्धा तारा अगदी क्षुल्लक कारणासाठी कापा. मी पाचापैकी साडेचार दिले. अर्धा अंगठ्यासाठी गेला. पण लेख ताऱ्यांवर संपवू नका, ते सगळेच करतात. परतीच्या धोरणावर संपवा, कारण तिथे डब्याला स्वतःचा कायदा आहे:

> परतीचे धोरण: सदर उपकरण रिकामे परत करता येत नाही, असे मूळ मालकिणीकडून कळविण्यात आले. त्यानुसार गेल्या चतुर्थीला नेवऱ्या भरून ते पेडणे येथे पोचते केले. चार दिवसांनी ते पातोळ्यांसह परत आले. परत करण्याची प्रक्रिया सुरू आहे.