किंमत वाढली की वाढवली?

अंबड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या पुरवठादाराने ग्राहकाला पाठवायचा इंग्रजी मेल मला दाखवला. त्यात होतं, 'वुई हॅव रिझन द प्राइस फ्रॉम २४० टू २५५ रुपीज.' इथे 'रिझन' चुकलं.

ही चूक पकडायला मराठी पुरेशी आहे. वाक्य आधी मराठीत म्हणा. 'वाढली' आलं तर राइज, रोझ, रिझन. 'वाढवली' आलं तर रेझ, रेझ्ड, रेझ्ड. पुरवठादाराने किंमत स्वतः वाढवली होती, म्हणून 'वुई हॅव रेझ्ड द प्राइस'. आम्ही मेल असा केला: 'स्टील प्राइसेस हॅव रिझन, सो वुई हॅव रेझ्ड अवर रेट.' पोलाद महागलं, म्हणून आम्ही दर वाढवला. कारण आणि निर्णय दोन्ही स्वच्छ दिसतात. टार्गेटचंही तसंच: वरिष्ठांनी वाढवलं असेल तर 'द टार्गेट हॅज बीन रेझ्ड'.

कागदपत्रांसाठी जोडी 'पडून असणे' आणि 'ठेवणे' अशी. पडून असणे म्हणजे लाय, ठेवणे म्हणजे ले. खरी गोची भूतकाळात आहे, कारण लायचा भूतकाळही 'ले'च होतो. फाइल आठवडाभर टेबलावर पडून होती, तर 'द फाइल ले ऑन द डेस्क फॉर अ वीक'. तिथे 'लेड' लिहिणं चूक, कारण लेड म्हणजे कुणीतरी ठेवली. शंका आली तर मी सरळ 'द फाइल वॉज ऑन द डेस्क' लिहितो. अटी घालून दिल्या असतील तिथे मात्र 'लेड डाउन'च हवं.