तिन्ही मुळे वास्तव असलेले घन समीकरण : या चुका टाळा

फोंड्याला गणिताची शिकवणी घेताना गेली अनेक वर्षे मी एकच समीकरण फळ्यावर लिहीत आलो आहे आणि त्यात त्याच त्या चुका पाहत आलो आहे. ते समीकरण असे :

x³ − 3x² + 3 = 0

पूर्णांक मूळ असलेच तर ते ±१ किंवा ±३ यांपैकीच असू शकते, आणि यांतले एकही चालत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची असते, तरी अनेक जण ती न करताच सूत्राकडे धावतात. यानंतर x = t + 1 ठेवले की वर्गाचे पद नाहीसे होते आणि t³ − 3t + 1 = 0 उरते, म्हणजे t³ + pt + q = 0 या रूपात p = −3 आणि q = 1. येथे 4p³ + 27q² ची किंमत −८१ येते. ती ऋण असल्यामुळे तिन्ही मुळे वास्तव आणि वेगवेगळी आहेत, हे ठरले.

हे ठरल्यावरही कार्दानोचे सूत्र वापरणे ही पहिली मोठी चूक होय. त्यात वर्गमूळाखाली −३/४ येते आणि मग −१/२ + (√३/२)i या संमिश्र संख्येचे घनमूळ काढावे लागते. ते काढायचे म्हटले तर १२०° च्या कोनाचे तीन समान भाग करावेच लागतात, म्हणजे जी त्रिकोणमिती टाळायला गेलो तीच मागच्या दाराने आत येते. परिमेय मूळ नसलेल्या अशा समीकरणाची मुळे केवळ वास्तव संख्यांच्या वर्गमूळ-घनमूळांनी लिहिताच येत नाहीत, हे होल्डर यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले आहे. त्यामुळे ‘आणखी थोडे सोपे रूप द्या’ म्हणून तासन् तास झगडणाऱ्या विद्यार्थ्याला मी तेथेच थांबवतो.

दुसरी चूक चिन्हाची. ती मला सर्वांत जास्त सलते, कारण ती पकडली जात नाही. सत्तरीहून येणाऱ्या एका हुशार विद्यार्थिनीने एकदा २.८७९, −०.५३२ आणि ०.६५३ अशी मुळे काढली. त्यांची बेरीज ३, म्हणजे वर्गपदाच्या सहगुणकाशी जुळणारी, म्हणून तिने वही मिटली. मीही बेरीज पाहून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गुणाकार करून पाहिला तेव्हा तो −१ आला. यायला हवा होता −३. तिने t = 2cos θ मानून cos 3θ साठी पाठ केलेल्या सूत्रात 3q/2p च्या पुढे आणखी एक उणे लावले होते. p स्वतःच ऋण असल्यामुळे उणे त्यातच आलेले असते, आणि दुसरे लावले की q चे चिन्ह फिरते. अशा वेळी t ची तिन्ही मुळे चिन्ह बदलतात, पण त्यांची बेरीज शून्यच राहते, म्हणून बेरजेची तपासणी येथे निरुपयोगी ठरते.

तेव्हापासून ते सूत्र मी कोणाला पाठ करू देत नाही. t = 2cos θ हे दर वेळी समीकरणात घालावे, म्हणजे 8cos³θ − 6cos θ + 1 = 0 मिळते. 4cos³θ − 3cos θ = cos 3θ हे वापरले की ते 2cos 3θ = −1 होते आणि चिन्ह आपोआप योग्य जागी बसते. कोज्येपुढचा २ येतो 2√(−p/3) मधून. याला दोन ओळी जास्त लागतात. ज्यांना त्यांचाही कंटाळा येतो त्यांना पुढे पूर्ण पान खोडावे लागते, असा माझा अनुभव आहे.

आता 3θ = १२०°, म्हणून θ = ४०°. उरलेले दोन कोन १६०° आणि २८०°. काही जण भागाकार झाल्यावर ३६०° मिळवतात आणि तेच मूळ तीनदा लिहितात. ३६०° मिळवायचे ते 3θ मध्ये. भागल्यानंतर १२०° च मिळवावेत.

गणकयंत्राने १२० ऐवजी २.०९४ दाखवले तर ते रेडियनमध्ये आहे. cos 3θ ची किंमत १ पेक्षा मोठी आली, तर एक तर p, q चुकले आहेत किंवा मूळ वास्तव एकच आहे. अशा वेळी कोन शोधत बसू नये.

x = t + 1 होते हे शेवटी विसरणारेही दर वर्षी निघतातच. खरी मुळे 1 + 2cos 40°, 1 + 2cos 160° आणि 1 + 2cos 280° ही आहेत, म्हणजे साधारण २.५३२, −०.८७९ आणि १.३४७. १ मिळवायचा राहिला तर बेरीज ३ ऐवजी शून्य येते, आणि ही चूक मात्र बेरजेने लगेच सापडते. ‘अचूक उत्तर द्या’ असे विचारले असेल तर कोज्येचे रूपच लिहावे. दशांश रूप ही केवळ अंदाजे किंमत आहे, आणि माझ्या वर्गात ती गुणाकाराची तपासणी करण्यापुरतीच काढली जाते.