मॅचच्या मधोमध कन्सोल तुटतो? मेशमधली बँडची अदलाबदल अशी थांबवा

घोडबंदर रोडला कासारवडवलीत माझ्या बहिणीचा टू बीएचके आहे. हॉलमध्ये फायबरच्या डब्याशेजारी मेशचा, म्हणजे नोड नावाच्या अनेक राउटरनी मिळून घरभर एकच वायफाय देणाऱ्या यंत्रणेचा, मुख्य नोड, पॅसेजमध्ये दुसरा नोड आणि भाच्याच्या बेडरूममध्ये टीव्ही व कन्सोल. रात्री साडेनऊच्या सुमारास फुटबॉलची ऑनलाइन मॅच रंगात आली की पडद्यावर कनेक्शन गेल्याचा संदेश यायचा आणि मॅच त्याच्या नावावर हार म्हणून लागायची. स्पीड टेस्ट मात्र प्रत्येक वेळी उत्तम. "मामा, नेट तर चालूच असतं, मग मीच का बाहेर पडतो?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. नेट चालूच होतं. तुटत होता तो कन्सोल आणि नोड यांच्यातला दुवा.

मेशमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने दिसतात, आणि कोणतं उपकरण कुठल्या बँडवर ठेवायचं हे नोड स्वतः ठरवतो. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की नोड उपकरणाला दुसऱ्या बँडवर जायला सुचवतो. उपकरणाने ऐकलं नाही तर काही नोड सरळ त्याचा संपर्क तोडतात, म्हणजे ते झक मारत दुसऱ्या बँडवर येतं. फोनला याचं काही वाटत नाही, कारण व्हिडिओ काही सेकंद आधीच साठवलेला असतो. कन्सोलला मात्र पुन्हा जोडणी करून पासवर्डची तपासणी आणि आयपी पत्ता यातून जाईपर्यंत दोन-चार सेकंद लागू शकतात. तेवढ्यात गेमचा चालू संपर्क बंद पडतो. आयपी पत्ता तोच परत मिळाला तरी सर्व्हरच्या लेखी खेळाडू निघून गेलेला असतो.

आधी दुखणं हेच आहे ना, याची खात्री करा. मेशच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, त्यात कन्सोल शोधा आणि तो कोणत्या नोडवर, कोणत्या बँडवर आहे ते बघा. मॅच सुरू होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या आणि कनेक्शन तुटल्यावर लगेच दुसरा घ्या. बँड किंवा नोड बदललेला दिसला तर चोर सापडला. दोन्ही तेच असतील आणि त्याच क्षणी घरातले फोनही अडकले असतील, तर दोष फायबरच्या लाइनीत किंवा दोन नोडमधल्या दुव्यात आहे. त्याला पुढचे उपाय लागू पडणार नाहीत.

बहिणीकडे ॲपमध्ये सिग्नलचा आकडाही दिसत होता; तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. बेडरूमचं दार उघडं असताना ५ गिगाहर्ट्झवर उणे ६८ डीबीएमच्या आसपास. हॉलमध्ये मालिका सुरू झाली की आवाज नको म्हणून भाचा दार लावायचा, आणि आकडा उणे ७३ वर जायचा. नोड त्याला २.४ वर ढकलायचा. तिथे सिग्नल उणे ५७, म्हणजे भरघोस. मग नोडला वाटायचं की इतका जवळ असेल तर ५ वर नेऊ या. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दार लावलं की झोपाळा सुरू! ठाणे आणि नवी मुंबईतल्या नव्या टॉवरमध्ये हे फार दिसतं, कारण मायवान पद्धतीच्या बांधकामात आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळईच्या काँक्रीटच्या असतात आणि ५ गिगाहर्ट्झ त्यात चांगलाच अडतो.

सेटिंगला हात लावण्याआधी एक गोष्ट बघा. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय अजून चालू आहे का? पुष्कळ घरांत ते चालू राहतं, कधी तर मेशच्याच नावाने. मग कन्सोल डबा आणि मेश यांच्यात फिरतो आणि प्रत्येक वेळी त्याचा आयपी पत्ताही बदलतो. डब्याच्या सेटिंगमधून ते बंद करा किंवा कंपनीच्या माणसाकडून बंद करून घ्या.

आता उपाय. माझ्या मते पहिला मान केबलचा. बहुतेक मेश नोडच्या मागे लॅन पोर्ट असतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आम्ही पॅसेजमधला नोड उचलून बेडरूमच्या दाराशेजारच्या फळीवर ठेवला आणि तिथून ५ मीटरची कॅट सिक्स केबल स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा ठोकून कन्सोलपर्यंत नेली. दोन नोडमधला दुवा अजून हवेतूनच आहे, पण कन्सोलला बँड बदलायला सांगणारं कोणी उरलं नाही. केबल लावल्यावर कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तारेची जोडणी निवडली गेली आहे का, ते मात्र पाहा. नाहीतर तो जुन्या वायफायवरच बसून राहू शकतो. नोड हलवताना त्याच्या दुव्याचा सिग्नलही तपासा. दार लावून आमचा आकडा उणे ६१ होता. तोच जर उणे ७५ असता, तर मी नोड तिथे ठेवला नसता.

केबल शक्य नसेल तर कन्सोलला एकाच बँडवर बांधा. पीएस५ मध्ये `Settings` › `Network` › `Settings` › `Set Up Internet Connection` इथे जाऊन ऑप्शन्सचं बटण दाबलं की `Wi-Fi Frequency Bands` मिळतं. तिथे `Automatic` सोडून ५ गिगाहर्ट्झ निवडा. ज्या कन्सोलमध्ये अशी सोय नाही, त्यांच्यासाठी मेशच्या ॲपमध्ये त्या एका उपकरणापुरतं बँड किंवा नोड बदलणं बंद करता येतं का ते बघा. तेही नसेल तर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क फक्त ५ गिगाहर्ट्झवर सुरू करून कन्सोल त्यावर जोडा. गेम व्यवस्थित चालतो, मात्र फोनवरून कन्सोल चालवण्यासारख्या घरातल्या घरातल्या सोयी बहुधा बंद पडतील. वेगळं नाव वापरणार असाल तर कन्सोलमधलं जुनं वायफाय आठवणीने काढून टाका. ते साठवलेलं राहिलं तर कन्सोल एखाद्या दिवशी गुपचूप तिकडे परत जातो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागता.

बांधण्याआधी कन्सोलच्या जागी, दार लावून, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल बघा. उणे ७० पेक्षा बरा असेल तर ठीक. त्याहून वाईट असेल तर बँड बांधल्यावर मॅच तुटणार नाही कदाचित, पण खेळाडू अडखळत पळेल. अशा वेळी नोड जवळ आणा. तेही जमत नसेल तर २.४ वर बांधा, गेमला लागणारा डेटा थोडाच असतो. पण टॉवरमध्ये वरखालच्या घरांचे राउटर त्याच बँडवर बोलत असतात, म्हणून संध्याकाळी पिंग वरखाली होईल आणि मोठं डाउनलोड रेंगाळेल, हे धरून चाला.

शेवटी तपासणी, आणि ती ज्या वेळी त्रास व्हायचा त्याच वेळी. आम्ही रात्री साडेनऊला मॅच सुरू केली, दार लावलं, दहा मिनिटांनी उघडलं, पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी बहिणीने ॲपमधली यादी पाहिली. कन्सोल त्याच नोडवर, तारेने जोडलेला. त्या रात्री भाच्याने लागोपाठ चार मॅच खेळल्या. दोन हरला, पण चारही पूर्ण झाल्या.