ठेचेतून म्हण : स्वतःच्या चुकीवरून चार-पाच शब्दांची ओळ कशी घडवावी

बैल गेला अन् झोपा केला. गोठ्याला झोपा, म्हणजे दार, वेळेत न बसवल्याने कुणाचा तरी बैल खरोखर गेला असणार. त्या माणसाचे नाव म्हणीत नाही, गाव नाही, त्याने नंतर दुसरा बैल घेतला का हेही नाही. उरले आहे ते फक्त कुठली गोष्ट आधी व्हायला हवी होती आणि कुठली नंतर झाली. स्वतःच्या फजितीवरून म्हण करायची तर हेच करायचे असते: आपण बाजूला व्हायचे आणि चुकीचा क्रम, माप किंवा अंदाज तेवढा मागे ठेवायचा.

हे बोलायला सोपे आहे, पण बहुतेक ओळी इथेच बिघडतात. म्हणून एकच प्रसंग घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

समजा, ऐरोलीतल्या एका ताई घरातून रोज २० डबे महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसला देतात. बुधवारी रात्री ऑफिसातून फोन येतो, "ताई, उद्या मीटिंग आहे, ४५ डबे जास्त जमतील का?" ताई म्हणतात, "जमतील की!" दुसऱ्या दिवशी डबे एकच्या ऐवजी दोनला दहा कमी असताना पोचतात, त्यातल्या १४ डब्यांत चारऐवजी दोनच पोळ्या असतात. पुढच्या आठवड्यात रोजचे २० डबेही बंद होतात.

आधी हिशेब लिहा, भावना नाही

घटना आठ-दहा ओळींत लिहून काढा. त्यात वेळ, संख्या आणि वस्तू असू द्या. "खूप", "भयंकर", "दुर्दैवाने" असे शब्द टाळा. लिहिताना अजून घसा दाटत असेल किंवा कुणाचा राग येत असेल, तर कागद महिनाभर बाजूला ठेवा. रागात केलेली ओळ हटकून टोमणा होते, आणि टोमण्याला ज्याला तो मारला तो माणूस लागतो. म्हणीला कोणीच लागत नाही.

ताईंच्या कागदावर असे येईल: ६५ डबे, प्रत्येकी ४ पोळ्या, म्हणजे २६० पोळ्या. शेगडी दोन बर्नरची. एका तव्यावर पोळीला मिनिटभर धरले तरी २६० मिनिटे, म्हणजे ४ तास २० मिनिटे. साडेसातला पहिली पोळी टाकली तर शेवटची पावणेबारा उलटून गेल्यावर उतरणार, तेही मधे पाणी प्यायला न थांबता. डबे घरातून निघायला हवे होते साडेअकराला. आणि डाळ, भात, भाजी हे सगळे उरलेल्या एका बर्नरवर, कुकर परत परत लावून.

हा हिशेब बुधवारी रात्री दोन मिनिटांत झाला असता. तो झाला नाही, एवढीच खरी गोष्ट आहे.

आपला हात कुठे होता ते शोधा

एका फजितीत पाच-सहा गोष्टी चुकलेल्या असतात. ऑफिसने आयत्या वेळी सांगितले, मदतीची बाई आली नाही, स्कूटर सिग्नलला अडकली. यातली अशी एकच निवडा जी आपल्या हातात होती आणि जी वेगळी झाली असती तर बाकीचे सगळे निभावले असते. ताईंच्या बाबतीत ती जागा स्वयंपाकघरात नाहीच, ती फोनवर आहे. पोळ्या कमी पडल्या गुरुवारी, पण चूक झाली बुधवारी रात्री, "जमतील की" म्हणताना.

ज्या आघातात आपला हात नव्हताच, म्हणजे आजारपण, कंपनीच बंद पडणे, घरात पुराचे पाणी शिरणे, तिथून असा धडा काढू नका. ओढूनताणून काढलेला धडा ज्याच्यावर ते ओढवले त्यालाच दोषी ठरवतो.

आता धडा साध्या वाक्यात लिहा, सुंदर करण्याच्या भानगडीत न पडता: "काम करायला किती वेळ लागेल हे न मोजता हो म्हटले की अडचण होते." मग त्याला उलटे करून पाहा. उलटे वाक्यही एखादा शहाणा माणूस म्हणू शकतो का? "आधी हो म्हणावे, मग जमवावे" असे म्हणणारे कितीतरी व्यावसायिक आहेत. म्हणजे धड्यात दम आहे, तो एक बाजू घेतो. या उलट "मेहनत करावी" हे उलटे केले तर "मेहनत करू नये" होते, आणि तसे कुणीच सांगत नाही. अशा धड्याची म्हण कितीही घासली तरी दिवाळीच्या शुभेच्छापत्रासारखीच राहते.

वस्तू निवडा

म्हण डोळ्यांपुढे उभी राहते ती वस्तूमुळे: अंगण, डोंगर, काकण, अंथरूण. प्रसंगातल्या वस्तूंची यादी करा. इथे फोन, बर्नर, तवा, कुकर, डबा, स्कूटर आहेत. त्यातली कोणती वस्तू खरोखर आडवी आली ते बघा. स्कूटर सिग्नलला अडकली म्हणून तिची ओढ वाटेल, पण उशीर तिथे झाला नाही. २६० मिनिटे गेली ती तव्यावर. तवा घरोघरी असतो, त्याची घाई करता येत नाही हे पोळ्या लाटणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा तवाच.

इथे एक मोह होतो तो म्हणजे जुनेपणाचा. म्हणीसारखे वाटावे म्हणून लोक चूल, जाते, मोट, नांगर आणतात. ऐरोलीच्या चौथ्या मजल्यावर मोट नसते. जी वस्तू हाताळलीच नाही तिच्याबद्दलची ओळ ऐकणाऱ्याला कुठूनतरी उचललेली वाटते, आणि बहुधा ती तशी असतेही.

आता दहा-बारा ओळी करा

एका ओळीवर थांबू नका. मराठी म्हणींचे काही साचे कानात असतातच, ते वापरून पाहा. क्रियापद नसलेला साचा: उथळ पाण्याला खळखळाट फार. "आवे"चा साचा: अंथरूण पाहून पाय पसरावे. दोन तोलांचा साचा: नाचता येईना, अंगण वाकडे. यात दोन्ही बाजूंना सहा-सहा अक्षरे आहेत, मोजून पाहा. शब्द बहुतेकदा तीन ते सहा. सातच्या वर गेलात की वाक्य होते, म्हण राहत नाही.

ताईंच्या प्रसंगावरून काय काय निघू शकते ते पाहू.

"हरले, शिकले, पुन्हा उभी राहिले." ही उघड बढाई. धडा कुठेच नाही, फक्त उभे राहिल्याची नोंद आहे. यातून ऐकणाऱ्याला काय करावे हे कळत नाही, फक्त टाळी वाजवावी एवढे कळते.

"भल्या माणसाला नाही म्हणता येत नाही." ही बढाई लपलेली आहे, म्हणून अधिक फसवी. चूक कबूल केल्यासारखे वाटते, पण चुकीचे कारण म्हणून स्वतःचा चांगुलपणाच पुढे केला आहे. "प्रामाणिक माणूसच फसतो" ही ओळही याच जातीची. तपासायची युक्ती सोपी आहे: ओळ ऐकून कुणी "खरंच, तुम्ही फार चांगल्या आहात" म्हणेल का? म्हणत असेल तर ओळ खोडा.

"होकार देण्यापूर्वी आपली क्षमता तपासावी." बढाई नाही, धडाही बरोबर आहे. पण ही सूचनाफलकावरची भाषा झाली. क्षमता कुणाला दिसत नाही.

"बर्नर दोन, होकार चार." ही ओळ पहिल्यांदाच कान टवकारायला लावते. बोलताना दोन्ही बाजू सारख्या येतात, बर्नर आणि होकार एकाच सुरात संपतात. पण एखाद्यासमोर म्हणून पाहा. ती लगेच त्याच्याकडे बोट दाखवते: बघा, झेपत नाही आणि चार ठिकाणी हो म्हणून बसला. स्वतःच्या चुकीतून निघालेली ओळ दुसऱ्याला हिणवायच्या कामी येऊ लागली, तर तीही एक प्रकारची बढाईच. शिवाय उशीर का होतो हे तिच्यात नाही.

"होकार तोंडाला सोपा, तव्याला अवघड." आता वाट सापडली. एकच होकार दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा असतो, हे यात आले. मात्र "अवघड" हा शब्द ढिला आहे, तव्याला काही अवघड जात नसते. त्याला वजन कळते. तोंडाऐवजी जीभ घेतली तर ती तव्याशी जुळते, कारण पोळी एकावर भाजते आणि दुसरीवर जाते. मग ओळ होते:

होकार जिभेला हलका, तव्याला जड.

पाच शब्द. "मी" नाही, जिंकणे नाही, कुणाला उपदेश नाही. हलका-जड ही जोडी आपल्या बोलण्यातलीच. आणि शेवटचा शब्द तोडल्यासारखा संपतो, त्यामुळे ओळ तिथेच थांबते. "जड असतो" असे लिहून पाहा, लगेच सैल पडते.

नवी आहे का, आणि एकटी उभी राहते का

आपण केलेली ओळ आधीच कुणीतरी केलेली असण्याची शक्यता धरूनच चालावे. ओळ अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. मग शब्द सोडून अर्थाने शोधा: याच गोष्टीला मराठीत जुनी म्हण आहे का? इथे दोन जवळच्या आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. पहिली ऐपतीबद्दल बोलते, दुसरी विचार न करता बोलण्याबद्दल. होकार देताना लागणारा वेळ आणि तो पाळताना लागणारा वेळ यांतले अंतर दोन्हींत नाही, म्हणून नव्या ओळीला जागा आहे. जुनी म्हण तेच सांगत असती तर आपली ओळ सोडून तीच वापरावी, त्यात कमीपणा नाही. शंका असेल तर म्हणींचे छापील कोश चाळा. ठाणेकरांना १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय जवळच आहे, तिथे विचारा.

मग ओळ अशा माणसाला सांगा ज्याला प्रसंग माहीत नाही. प्रसंग सांगू नका. तो क्षणभर थांबून मान हलवेल तर ठीक. एकदा "म्हणजे?" विचारेल तरी चालेल. समजावायला डब्यांची सगळी कथा काढावी लागली, तर वस्तू चुकली आहे, यादीकडे परत जा. दुसरी परीक्षा, ओळ स्वयंपाकघराबाहेर चालते का? सोसायटीच्या सभेत कुणी हौसेने गणपतीचा सगळा जमाखर्च अंगावर घेतो आहे, ठाणे स्टेशनजवळचा शिंपी आठ दिवसांत बारा ब्लाउज देतो म्हणतो आहे. दोन्हीकडे तवा नाही, तरी ओळ लागू पडते. तीन वेगळ्या जागी लागू पडली की ती प्रसंगातून सुटली असे समजा.

शेवटची तपासणी पंधरा दिवसांनी. ओळ न बघता आठवून लिहा. जो शब्द बदलून आठवला, तो बहुधा बरोबरचा असतो, कारण तोंडाने स्वतःला सोयीचे केलेले असते. दुसऱ्यांच्या तोंडीही ती बदलेल. कुणी "जिभेला"च्या जागी "तोंडाला" म्हणेल, तर म्हणू द्या. "जड" बदलून कुणी "कठीण" केले, तर मात्र एकदा आपली ओळ तिथेच पुन्हा म्हणून दाखवा, कारण सगळा भार त्या दोन अक्षरांवर आहे.